बाहेर जाणाऱ्या ओळी

अमरावतीत मे महिन्यात स्वेटर घालणारा मी एकटाच असेन. बँकेच्या मुख्य कार्यालयात सर्व्हरच्या खोलीला लागून माझं टेबल होतं. सर्व्हरला गारवा लागतो म्हणून तिथला एसी बारमाही चालायचा. बाहेरून आलेला माणूस घाम पुसत आत यायचा आणि मला स्वेटरमध्ये बघून हसायचा. तसं कोणी फार येतही नसे. कर्जाच्या टेबलाशी माणसं येतात, ठेवींच्या टेबलाशी येतात. माझ्या टेबलाचं काम माणसांशी नव्हतंच. दिवसभर मी फायरवॉलच्या नोंदी वाचायचो.

मी बँकेत कारकून म्हणून लागलो होतो. संगणक आले तेव्हा तरुणांपैकी कोणाला तरी शिकायला पाठवायचं म्हणून मला पाठवलं, आणि पुढे तो विभाग वाढत गेला तसा मी त्याचा प्रमुख झालो. आमची सहकारी बँक मोठी नव्हती. अमरावती, अकोला आणि आजूबाजूच्या तालुक्यांत शाखा. सगळ्या शाखांचे संगणक एका खाजगी वाटेने मुख्य कार्यालयाला जोडलेले होते, आणि बाहेरच्या जगात जायचं तर सगळ्यांना आमच्याकडच्या एकाच दारातून जावं लागे. त्या दारावरचा पहारेकरी म्हणजे फायरवॉल. कोण आलं, कोण गेलं, कोणाला सोडलं, कोणाला अडवलं, हे तो ओळीओळीने लिहून ठेवतो. वेळ, कुठून, कुठे, कोणत्या दाराने, आणि शेवटी निकाल.

पुढे जे सांगायचं आहे ते कळण्यापुरतं, या ओळी कशा वाचायच्या ते सांगतो.

इंटरनेटवर तुमचा पत्ता असला की त्यावर चोवीस तास कोणी ना कोणी थाप मारत असतं. बाजाराच्या दिवशी शाखेच्या जाळीच्या दारातून लोक सहज डोकावतात, "चालू आहे का जी?" म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात, तसं. कुठल्या कुठल्या देशांतली यंत्रं ओळीने सगळ्या जगाचे पत्ते चाळत असतात. दूरच्या संगणकाचा पडदा उघडणारं दार, फाइली वाटून घेण्याचं दार, जुन्या काळचं टेलनेटचं दार, अशी ठरावीक दारं ती वाजवून बघतात. त्यांना आमच्या बँकेशी काही देणंघेणं नसतं. फायरवॉल त्यांना अडवतो आणि तशी ओळ लिहितो. अशा ओळी ढिगाने असतात, आणि त्यांचा अर्थ एवढाच की आपण इंटरनेटवर आहोत.

लक्ष द्यायच्या ओळी थोड्या असतात. बाहेरचा एकच पत्ता आपल्या चालू असलेल्या सेवेच्या दारावरच पुन्हा पुन्हा येत असेल, तर थांबून बघावं. पण त्याहून महत्त्वाच्या ओळी उलट्या दिशेच्या. आतला आपलाच संगणक बाहेरच्या एखाद्या अनोळखी पत्त्याकडे जाऊ पाहतो आहे आणि अडवला जातो आहे. ती ओळ वाचून "अडवलं ना, झालं" असं म्हणायचं नसतं. अडवलं हे खरं, पण जाऊ कोण पाहत होतं? का? आणि तो प्रयत्न ठरावीक अंतराने होत असेल, जेवणाच्या सुट्टीत, रविवारी, शाखेला कुलूप असतानाही होत असेल, तर तिथे माणूस बसलेला नाही. संगणकाच्या आत काहीतरी शिरलं आहे आणि ते आपल्या मालकाला हाक मारत आहे.

अर्थात आतून अडवलेली प्रत्येक ओळ वाईट नसते. प्रिंटर आपल्या कंपनीला निरोप पाठवू पाहतो. हजेरीचं यंत्र आपल्या कंपनीचा सर्व्हर शोधतं. त्यांना आम्ही मुद्दाम अडवलेलं असायचं. म्हणून आधी एकेकाचा छडा लावायचा आणि मग ठरवायचं. हे सगळं मी शाखांतल्या लोकांना शिकवायचो. चांगलं शिकवायचो असं लोक म्हणत.

संचालक मंडळाच्या दर महिन्याच्या बैठकीत माझी दहा मिनिटं असत. पडद्यावर मोठ्या अक्षरात एक आकडा असायचा, "या महिन्यात रोखलेले हल्ले". तो आकडा दणदणीत असायचा, कारण त्यात त्या सगळ्या डोकावून जाणाऱ्या थापा मोजलेल्या असत. त्यांना हल्ले म्हणणं बरोबर नाही हे मला ठाऊक होतं. पण पहिल्याच बैठकीत एका संचालकांनी "काहो साहेब, येवढे पाडले?" म्हणून टेबलावर थाप मारली होती, आणि मग तो शब्द बदलायचा राहून गेला. बागायतदार माणूस, संत्र्याची बाग, बोलायला मोकळे. दर महिन्याला तेच आधी विचारत, "या महिन्यात किती पाडले?" आणि आकडा वाढलेला असला की सगळ्यांना बरं वाटे. मलाही वाटे. महिनाभर माझ्याशी कोणी बोलत नसे, त्या दहा मिनिटांत बोलत.

त्या आकड्याखाली एक लहान तक्ता असायचा, आतून अडवलेल्या संगणकांचा. एकदा त्यात सगळ्यात वर अकोल्याच्या जुन्या शहरातली शाखा आली. चौकशी केली तर तिथलं हजेरीचं यंत्र होतं, बोटाचा ठसा घेणारं. दर काही मिनिटांनी ते कंपनीचा सर्व्हर शोधत होतं. निरुपद्रवी. मी मंडळाला तसं सांगितलं. तरी पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात, अकोला वरच. अमरावतीच्या माणसाला अकोल्याची थट्टा करायला एवढं पुरे. ते संचालक म्हणाले, "अकोलेवाले घरातूनच दगड मारून राहिले काय?" सगळे हसले. अकोल्याकडचे एक संचालक मात्र हसले नाहीत. बैठक संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, ते आमच्या शाखेचं नाव काढता नाही येत काय तिथून? काही नाही म्हणता ना तुमी?"

मी काढलं. अहवाल तयार करणाऱ्या प्रणालीत "माहीत असलेले" अशी एक यादी होती. त्या यादीत टाकलेल्या गोष्टी मूळ नोंदीत राहतात, पण अहवालात आणि इशाऱ्यात येत नाहीत. नीट काम करायचं तर मी असं लिहायला हवं होतं: हे यंत्र, हा सर्व्हर, हे दार, एवढंच वगळा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघा. मी नुसता यंत्राचा पत्ता टाकला. म्हणजे त्या पत्त्यावरून काहीही, कुठेही गेलं तरी अहवाल गप्प. तारीख टाकली नाही, कारण टाकलं नाही. घाई होती असंही नाही. थट्टा थांबवायची होती.

पुढे शाखांमध्ये चेहरा ओळखणारी नवी हजेरीयंत्रं आली. त्यांना मी वेगळ्या पट्ट्यातले पत्ते दिले. जुनं यंत्र भिंतीवरून उतरलं. काही महिन्यांनी अकोल्याच्या त्याच शाखेत एक नवा संगणक बसवायचा होता. बसवणाऱ्याने फोन करून विचारलं, कोणता पत्ता देऊ? मी तक्ता बघितला. हजेरीयंत्राचा पत्ता रिकामा दिसला. "तोच द्या," म्हणालो.

त्या वेळी यादी माझ्या डोक्यात नव्हती. हे खरं आहे, आणि मी स्वतःपुरतं अनेक वर्षं एवढंच खरं धरून बसलो होतो.

तो संगणक ज्यांच्या टेबलावर होता, त्या शाखेतल्याच एक अधिकारी होत्या. माझ्याहून बऱ्याच लहान. शाखेतल्या संगणकांचं किरकोळ कामही त्याच बघत, आपल्या रोजच्या कामाशिवाय. मी घेतलेल्या शिबिरात त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि प्रश्न विचारत होत्या. एका दुपारी त्यांचा फोन आला. मंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी होती आणि मी पडद्यावरच्या अक्षरांचे रंग ठरवत होतो. त्या म्हणाल्या, एका ग्राहकाचा फोटो घ्यायला त्याचा पेन ड्राइव्ह लावला, तो लावायला नको होता, माझी चूक झाली. तेव्हापासून संगणक जड चालतो आहे. अँटिव्हायरसची एक खिडकी आली आणि वाचायच्या आत गेली. "तुमच्याकडं काही दिसून राहिलं काय साहेब?"

मी अहवाल उघडला. अकोल्याचं नाव नव्हतं. "फायरवॉलवर काहीच नाही," म्हणालो. "बंद करून चालू करा."

"पक्कं ना जी?"

"पक्कं."

मूळ नोंदी त्याच पडद्यावर होत्या. तो पत्ता टाकून शोध घेतला असता तर ओळी खाली ओघळत आल्या असत्या.

त्या संगणकात जे शिरलं होतं ते आपल्या मालकाच्या एका पत्त्याकडे जाऊ पाहत होतं आणि फायरवॉल अडवत होता, कारण तो पत्ता वाईट म्हणून आमच्या बंदीच्या यादीत होता. पण आमचा नियम असा होता की वाईट म्हणून ठाऊक असलेल्यांना बंदी आणि बाकीच्यांना नेहमीच्या सुरक्षित वेबच्या दाराने वाट. असे प्रोग्राम एका पत्त्यावर थांबत नाहीत. नवे नवे पत्ते करून बघतात. काही आठवडे ते अडत राहिलं, आणि मग एक पत्ता असा सापडला जो कोणाच्याच यादीत नव्हता. तिकडे जायला त्याला वाट मिळाली. त्या अडलेल्या आठवड्यांत कोणीही जाऊन संगणकाची तार उपटली असती तरी पुरे होतं. अडवलेल्या ओळींची किंमत हीच असते. त्या वेळ देतात.

एका सकाळी त्या शाखेतल्या फाइली उघडेनात. खातेदारांच्या शिलका मुख्य कार्यालयात होत्या, त्या सुरक्षित राहिल्या. पण शाखेचे अर्ज, स्कॅन केलेल्या सह्या, पत्रं, सगळ्याला कुलूप. शाखा काही दिवस बंद ठेवावी लागली. मोर्णा नदीच्या काठाकडची माळी मंडळी त्या शाखेची जुनी खातेदार. सकाळी भाजी-फुलांचा बाजार उरकून ती बँकेत येत. ती दाराशी जमली आणि आत कोण दिसतं तर याच बाई. त्यांना काय काय ऐकावं लागलं ते मला नंतर कळलं.

चौकशी समिती नेमली. तांत्रिक सदस्य मीच. दुसरं कोण होतं?

पहिल्याच दिवशी मी मूळ नोंदी काढल्या आणि मला सगळं दिसलं. पत्ता ओळखीचा वाटला, मग आठवलं, मग यादी उघडली. नंतर मी दोन गोष्टी केल्या. यादीतून तो पत्ता काढला. आणि समितीपुढे ठेवायला नोंदीचा उतारा घेतला तो ज्या दिवशी वाट मिळाली त्या दिवसापासूनचा. त्याआधीच्या अडवलेल्या ओळी उताऱ्यात आल्या नाहीत. उतारा खोटा नव्हता. फक्त उशिरा सुरू होत होता.

बाईंनी आपल्या जबाबात पेन ड्राइव्हचं कबूल केलं आणि लिहिलं की मी त्याच दुपारी मुख्य कार्यालयात फोन करून कळवलं होतं. समितीच्या अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "शाखांचे फोन रोजच येतात. असा काही आठवत नाही." शाखा व्यवस्थापकांना विचारलं, त्यांनीही अशा फोनचं ठाऊक नाही म्हणून मान खाली घातली. निष्कर्षाचा मसुदा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण तांत्रिक शब्द मला येत. त्यात हे वाक्य मी लिहिलं: "संबंधित अधिकाऱ्यांनी सदर बाब वेळीच कळवली नाही व दडवून ठेवली." दडवून ठेवली हे दोन शब्द कोणी सुचवले नव्हते. वाक्य पुरं वाटावं म्हणून ते मी घातले.

त्यांची बदली चिखलदऱ्याच्या शाखेत झाली. लोक तिथे हवा खायला जातात. त्या खोली घेऊन राहिल्या, आणि मुलगी दहावीला म्हणून अकोल्यात मावशीकडे ठेवली. पावसाळ्यात तिकडे धुकं उतरलं की बस कुठे अडकेल त्याचा भरवसा नसतो. कितीतरी शनिवार त्या घरी पोचू शकल्या नाहीत, असं मला एका शिपायाने सहज बोलता बोलता सांगितलं. त्याला वाटलं मी विषय बदलला कारण मला कंटाळा आला.

मी निवृत्त झालो. निरोपसमारंभात त्या बागायतदार संचालकांनी भाषण केलं, की या माणसाने किती पाडले याची मोजदाद नाही. शाल मिळाली. पत्नी त्यानंतर फार दिवस जगली नाही. तिला मी नोकरीतली प्रत्येक गोष्ट सांगायचो, ही सांगितली नाही. आता घरात बोलायला कोणी नाही तर ही एकच गोष्ट बोलायची राहिली आहे असं सारखं वाटतं. सकाळी राजापेठेकडून भाजी आणायची, दुपारी पंखा, संध्याकाळी पुन्हा एक फेरी. मोबाइलवर लेकाचा फोन येतो तेव्हा दोघंही पावसापाण्याचं बोलतो.

गेल्या वर्षी ओळखीच्या एका प्राचार्यांनी विनंती केली की कॉलेजच्या फायरवॉलकडे आठवड्यातून दोनदा नजर टाका, घरी बसून काय करता? मी गेलो. तिथेही तशीच एक यादी होती, आणि यादीत एक पत्ता, ना तारीख ना कारण. मी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, "आधीच्यांनी टाकला असंन. काही नसंन सर ते." मी म्हणालो, बघून येऊ. ते उठेनात, मी उठलो. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जाऊन बघितलं तर प्रिंटर होता. साधा प्रिंटर, कागद संपलेला. त्यात काळजीचं काही नव्हतं. पण मला त्याच्यासमोर स्टुलावर बसावं लागलं. ग्रंथपाल बाई धावत आल्या, पाणी आणलं, "बीपी आहे का सर?" म्हणाल्या.

त्याच आठवड्यात मी बँकेला पत्र लिहिलं.

मुख्य अधिकाऱ्यांना ते पत्र नको होतं. त्यांनी मला बोलावलं, चहा दिला, आणि वडिलकीचा मान ठेवून समजावलं की इतक्या वर्षांनी हे उकरून कोणाचं भलं होणार? तुमचं वय झालं. माणूस जुन्या गोष्टी मनाला लावून घेतो. शिवाय पुरावा काय? मी म्हणालो, पुरावा बँकेकडेच आहे. हल्ल्यानंतर त्या वर्षाच्या सगळ्या मूळ नोंदींची एक प्रत वेगळी काढून तिजोरीत ठेवली होती, मीच ठेवली होती. तिच्याकडे कोणी बघणार नाही याची मला खात्री होती.

माझ्या जागी आलेले गृहस्थ माझ्याच हाताखाली तयार झालेले. त्यांनी ती प्रत काढली आणि वाचली. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "सर, तुम्हीच शिकवलं होतं आम्हाला, आतून बाहेर जाणारी ओळ आधी वाचा म्हणून." मी हो म्हणालो. ते म्हणाले, "ठीक आहे," आणि फोन ठेवला. पण मंडळापुढे त्यांनी टिपण ठेवलं, आणि काही महिने लागले तरी निर्णय झाला. निष्कर्षातलं ते वाक्य रद्द. त्या दुपारी अधिकाऱ्यांनी कळवलं होतं, अशी नोंद. माझा जबाब आणि मूळ नोंदीचा उतारा सोबत जोडायचा. मंडळातले बहुतेक लोक नवे होते. ते बागायतदार संचालक आता नाहीत. मला कोणी काही बोललं नाही. मला वाटतं त्यांना प्रकरण नीट कळलंही नसावं.

बाई आता पुन्हा अकोल्याच्या त्याच शाखेत आहेत. निर्णयाचं पत्र त्यांना टपालाने जाणार होतं. मी म्हणालो, मी घेऊन जातो. माझ्या जागच्या गृहस्थांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, उतारा त्यांना समजावून सांगावा लागेलच, तेव्हा जा. पण त्यांना विचारून जा.

त्यांनी हो म्हटलं नाही, येऊ नका असंही म्हटलं नाही. "जेवणाच्या सुट्टीत या," एवढंच.

सकाळची गाडी पकडून अकोल्याला उतरलो आणि ऑटोने जुन्या शहरात गेलो. शाखेच्या गल्लीत हातगाड्या, बांगड्यांची दुकानं, ऑटो पुढे जाईना म्हणून चालत गेलो. मला तिथे ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. पहारेकऱ्याने टोकन घ्यायला सांगितलं. मी टोकन घेऊन बाकावर बसलो. बाजूला एक फुलवाल्या आजी पासबुक घेऊन बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "पेन्शनचं हाय काय?" मी नाही म्हणालो.

मागच्या खोलीत, जिथे लोक डबे खातात, तिथे बाईंनी मला बसायला सांगितलं. केस पांढरे झाले होते. डबा त्यांनी उघडलाच नाही. पत्र वाचलं, घडी घातली, बाजूला ठेवलं. मग उतारा पुढे ओढला.

"समजावून सांगा," म्हणाल्या.

मी सांगितलं. ही वेळ. हा तुमच्या टेबलावरच्या संगणकाचा पत्ता. हा बाहेरचा पत्ता. हे दार. आणि हे शेवटी, "अडवलं". त्यांनी पान उलटलं. ओळी तशाच. वेळ तेवढी पुढे सरकलेली, अंतर जवळजवळ सारखं. त्यांनी रविवारची ओळ शोधून काढली आणि बोट ठेवलं.

"रविवारी तर कोणीच नव्हतं इथं."

"म्हणूनच ती ओळ महत्त्वाची."

"मंग हे आमच्या शाखेचं तुमच्या कागदावर कावून नाही आलं?"

मी यादीचं सांगितलं. हजेरीच्या यंत्राचं, संचालकांच्या थट्टेचं, रिकाम्या पत्त्याचं. सांगताना मला ते फार लहान वाटलं, एवढ्याशा गोष्टीचं एवढं झालं असं. त्यांनी पानं मागे उलटली. मग फोनच्या दिवसाचं पान काढलं. तो दिवस त्यांना शोधावा लागला नाही, तारीख पाठ होती.

"हे पहा," त्या म्हणाल्या, "मी तुमाले फोन केला तवा दुपार होती. ही ओळ त्याच्या आधीची. ही नंतरची. मी फोन ठेवला तरी चालूच होतं."

"हो."

"तुमी पाहिलं असतं तर किती वेळ लागला असता?"

"काही मिनिटं."

मी माफीचं काही बोलायला लागलो. त्यांनी हात वर केला, रागाने नाही, काउंटरवरच्या माणसाला जरा थांबा म्हणतात तसा. म्हणाल्या, "साहेब, पेन ड्राइव्ह मी लावला. ते मी तवाही म्हणलं, आताही म्हणतो. त्याची शिक्षा मले मंजूर होती. पण माया पोरीनं मले विचारलं होतं, आई, तू खरंच फोन केला होता काय? सगळे म्हणतात नाही केला. मी म्हणलं, केला. तिनं मानलं. पण विचारलं तर होतं ना."

बाहेर कोणाचा तरी टोकन क्रमांक पुकारला जात होता. त्यांनी टेबलावरचं पेन माझ्याकडे सरकवलं.

"तिले ह्या असल्या ओळी काही समजायच्या नाही. तिच्यासाठी लिहून द्या. साध्या मराठीत, इथं बाजूले."

मी त्या पानाच्या कडेला लिहायला घेतलं. हा आईच्या टेबलावरचा संगणक. तो बाहेर जायचा प्रयत्न करत होता. त्याला अडवत होते. पुढच्या ओळीपाशी लिहिलं, या वेळी शाखेतून मुख्य कार्यालयात फोन आला. मी फक्त अहवाल बघितला, मूळ नोंद बघितली नाही, आणि काही नाही असं सांगितलं. खाली सही केली आणि कागद त्यांच्याकडे फिरवला.

त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. मग कागद पुन्हा माझ्याकडे फिरवला आणि फोन आला या शब्दांवर बोट ठेवलं.

"फोन कोणी केला ते लिहा."

मी वाक्य खोडलं आणि त्यावर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि मग "यांनी फोन करून कळवलं" असं लिहिलं. त्यांनी पुन्हा वाचलं, कागद पत्रात घातला, पत्र पर्समध्ये घातलं. सुट्टी संपली होती. "येतो," म्हणाल्या आणि काउंटरवर गेल्या. न उघडलेला डबा त्या टेबलावरच राहिला. मी पहारेकऱ्याला टोकन परत दिलं आणि गल्लीत उतरलो.